ब्युरेटवरचे दोन आकडे

ब्युरेट ही एका टोकाला तोटी असलेली लांब, अरुंद, सारख्या जाडीची काचनळी असते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत बहुधा ५० मिलिलिटरची ब्युरेट वापरतात. तिच्यावर दर ०.१ मिलिलिटरला एक रेघ असते आणि आकडे वरून खाली वाढत जातात; शून्य वर, पन्नास खाली. या उलट्या मोजणीचे कारण ब्युरेटच्या कामात आहे. नळीत किती द्रावण आहे हे ती सांगत नाही, तिच्यातून किती बाहेर गेले हे सांगते. सुरुवातीचे वाचन आणि शेवटचे वाचन यांच्यातला फरक म्हणजे वापरले गेलेले आकारमान. या दोन आकड्यांपलीकडे ब्युरेटकडून काहीच मिळत नाही. म्हणून तिच्या वापराचा प्रत्येक नियम एकच प्रश्न विचारतो: या दोन वाचनांतला फरक आणि शंकूपात्रात खरोखर पडलेले द्रावण, हे दोन्ही सारखे आहेत का? आणि पडलेले द्रावण बाटलीतल्या द्रावणाइतक्याच तीव्रतेचे आहे का?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले अनुमापन उदाहरण म्हणून घेता येईल. ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ नॉर्मल द्रावण तयार आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी तीव्रता मात्र माहीत नाही, कारण सोडियम हायड्रॉक्साइड वजन करता करताच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि तराजूवरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. शंकूपात्रात पिपेटने १० मिलि. आम्ल घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जायचे. रंगहीन द्रावण फिकट गुलाबी झाले आणि हलवत राहूनही तो रंग सुमारे अर्धा मिनिट टिकला की अंतिम बिंदू आला. त्यानंतरही पात्र उघडे ठेवले तर रंग हळूहळू जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळल्यामुळे ते घडते, अनुमापन अपुरे राहिल्यामुळे नव्हे.

या प्रयोगात ब्युरेट आधी पाण्याने धुतात. धुतलेली ब्युरेट स्वच्छ आहे की नाही हे पाणी सोडून देताना कळते. काच स्वच्छ असेल तर पाण्याचा अखंड पातळ पापुद्रा खाली सरकतो. काचेला तेलकटपणा असेल तर आतल्या बाजूला थेंब चिकटून राहतात. असे चिकटलेले थेंब वाचनात धरले जातात, पात्रात मात्र पोचत नाहीत. त्यामुळे थेंब दिसले तर साबणाच्या सौम्य पाण्याने आणि लांब ब्रशने पुन्हा धुवावे लागते.

पाण्याने धुतलेली ब्युरेट आतून ओली असते, आणि तिच्यात तसेच सोडियम हायड्रॉक्साइड भरले तर ते पातळ होते. म्हणून शेवटची धुणी त्याच द्रावणाची द्यायची. पाच-सात मिलि. द्रावण ओतायचे, ब्युरेट जवळजवळ आडवी धरून फिरवायची म्हणजे ते सगळ्या बाजूंना लागते, आणि तोटीतून सोडून द्यायचे. वरच्या तोंडातून ओतून देणे सोपे वाटते, पण मग तोटीच्या खालच्या निमुळत्या टोकात पाणी तसेच अडकून राहते आणि पहिल्या अनुमापनात तेच पाणी आधी पात्रात उतरते.

थोडे द्रावण घेऊन तीनदा धुणे हे पुष्कळ द्रावण घेऊन एकदा धुण्यापेक्षा चांगले असते, आणि हे साध्या गणिताने पटते. हिशेब सोपा जावा म्हणून समजा, रिकाम्या ब्युरेटमध्ये १ मिलि. पाणी चिकटून राहते. तिच्यात ५ मिलि. द्रावण टाकले की एकूण सहा भागांत एक भाग पाणी उरते. ते सोडून दिल्यावर मागे राहिलेल्या मिलिलिटरमध्ये पाण्याचे प्रमाण एक-षष्ठांश. दुसऱ्या धुण्यानंतर छत्तिसांश, तिसऱ्यानंतर दोनशे सोळावा भाग. तेच १५ मिलि. द्रावण एकदम वापरले असते तर पाण्याचे प्रमाण सोळाव्या भागापर्यंतच खाली आले असते. आणि मुळीच धुतले नाही तर? १ मिलि. पाण्यावर ४९ मिलि. द्रावण भरले की त्याची तीव्रता दोन टक्क्यांनी घटते. जिथे १० मिलि. लागायला हवे तिथे १०.२ मिलि. लागते. प्रत्यक्षात पाणी सगळीकडे सारखे मिसळत नाही, त्यामुळे चूक याहून कमी-जास्त होते, आणि तशी अनिश्चित चूक तर हिशेबात धरताही येत नाही.

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो: ब्युरेट आणि पिपेट त्या-त्या द्रावणाने धुवायच्या, मग शंकूपात्र का नाही? ब्युरेट आणि पिपेट यांच्याकडून ठरलेल्या तीव्रतेचे द्रावण मोजून मिळायला हवे असते, त्यामुळे त्यांच्यात पाणी चालत नाही. शंकूपात्रात मात्र आम्ल मोजून टाकून झालेले असते. तिथे आम्लाची एकूण मात्रा महत्त्वाची, तीव्रता नव्हे. पात्र पाण्याने ओले असले किंवा मध्येच त्याच्या बाजूंवर वॉश बॉटलने पाणी मारले तरी आम्लाचे रेणू कमी-जास्त होत नाहीत. उलट ते पात्र आम्लानेच धुतले तर काचेला चिकटलेले जादा आम्ल मोजलेल्या १० मिलि.मध्ये भर घालते आणि वाचन वाढते. अति काळजी घेणारा विद्यार्थी हीच चूक करतो.

धुऊन झाल्यावर ब्युरेट स्टँडवर उभी लावतात आणि नरसाळ्याने भरतात. स्टँड टेबलावर असताना वरचे तोंड डोक्याच्या वर जाते. हात उंच करून, मान वर करून सोडियम हायड्रॉक्साइड ओतणे डोळ्यांसाठी धोक्याचे आहे. क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घ्यावी, किंवा स्टँडच जमिनीवर ठेवावा. नरसाळे भरल्याबरोबर काढून ठेवावे, कारण त्याच्या देठाला लटकलेला थेंब अनुमापन चालू असताना आत पडू शकतो. तसे झाले तर द्रावणाची पातळी वर येते आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी दिसते. ब्युरेट सरळ उभी आहे ना, हे समोरून आणि बाजूने अशा दोन्ही अंगांनी पाहावे.

भरल्यानंतर तोटीखालचे टोक पाहायचे. भरलेल्या ब्युरेटमध्ये तोटी बंद असेल तर हे टोक बऱ्याचदा रिकामे किंवा अर्धे हवेने भरलेले असते. हा बुडबुडा तसाच राहिला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. समजा बुडबुडा पाव मिलिलिटरचा आहे आणि सुरुवातीचे वाचन ०.०० घेतले. तोटी उघडल्यावर केव्हातरी हवा निसटते आणि तिची जागा वरून आलेले द्रावण घेते. हे पाव मिलिलिटर नळीतून गेले, पातळी तेवढी खाली आली, पण ते शंकूपात्रात पडले नाही, टोकातच राहिले. शेवटच्या वाचनात मात्र ते धरले जाते. म्हणजे खरे १०.२० मिलि. लागले असताना ब्युरेट १०.४५ दाखवते. बुडबुडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसाच्या तसा टिकला तर चूक होत नाही, हेही खरे. पण तो टिकेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

बुडबुडा काढण्यासाठी टोकाखाली चंचुपात्र धरून तोटी एकदम पूर्ण उघडायची आणि दोन-तीन मिलि. द्रावण जोरात वाहू द्यायचे. हळू सोडले तर द्रावण हवेच्या कडेने झिरपते आणि हवा जागची हलत नाही. तेवढ्याने काम झाले नाही तर ब्युरेट थोडी तिरकी करून, तोटी उघडी ठेवून, टोकाला बोटाने हलके टिचकी मारतात. काही प्रयोगशाळांत काचेच्या तोटीऐवजी रबराची नळी आणि चिमटा असलेली ब्युरेट असते. ही रचना कार्ल फ्रिडरिश मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. प्रयोगशाळेतले मोर लवण, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, त्याच्याच नावाचे. या ब्युरेटचे टोक वर वाकवून चिमटा दाबला की हवा वरच्या दिशेने सहज निघून जाते. सोडियम हायड्रॉक्साइडसाठी ही ब्युरेट सोयीची, कारण त्याने काचेची तोटी जाम होते. पोटॅशियम परमँगनेटसाठी मात्र ती चालत नाही. परमँगनेटची रबराशी अभिक्रिया होते.

नळीच्या आत, रेघांच्या भागात चिकटलेले बारीक बुडबुडेही पाहून घ्यावेत. असा बुडबुडा मध्येच सुटून वर गेला की त्याच्या जागेइतकी पातळी उतरते, द्रावण न सोडताच. टोकाला लटकलेल्या थेंबाचेही तसेच. एक थेंब साधारण ०.०५ मिलि.चा असतो. सुरुवातीचे वाचन घेण्यापूर्वी तो चंचुपात्राच्या आतल्या काचेला टेकवून काढून टाकायचा, आणि शेवटी लटकलेला थेंब शंकूपात्राच्या काचेला टेकवून आत घ्यायचा. तो पाण्याच्या एका फवाऱ्याने खाली धुतला की झाले. अंतिम बिंदूजवळ याच युक्तीने अर्धा थेंबही सोडता येतो.

आता वाचन. नळीतल्या द्रावणाचा पृष्ठभाग सपाट नसतो. काचेला चिकटून तो कडेने वर चढतो आणि मध्ये खोलगट होतो. सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या रंगहीन द्रावणात या खोलगट भागाचा तळ ज्या रेघेशी जुळतो ते वाचन घेतात. परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात. दोन्ही वाचने एकाच पद्धतीने घेतली असतील तर फरकात काही बिघडत नाही. पृष्ठभागामागे पांढरे कार्ड धरून त्याचा काळा केलेला अर्धा भाग पातळीच्या किंचित खाली ठेवला की तळाची कड ठसठशीत दिसते. वाचन दोन दशांश स्थळांपर्यंत घेतात: दोन रेघांमधल्या जागेचा अंदाज करून ०.०५ पर्यंत. सरावलेला डोळा याहून बारीक वाचतो, पण नवशिक्याने तेवढे जमवले तरी पुरे.

पॅरॅलॅक्स त्रुटीचे मूळ असे, की रेघा काचेवर असतात आणि खोलगट भागाचा तळ नळीच्या मध्यावर असतो. या दोहोंमध्ये अंतर आहे. बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याला वेगाचा काटा जसा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, तसेच इथे होते. डोळा पातळीच्या वर असेल तर नजर तिरकी खाली उतरते आणि तळाला पोचण्याआधी समोरची काच तळाच्या वरच्या उंचीवर छेदते. ब्युरेटवर वरच्या बाजूला लहान आकडे असल्याने वाचन खऱ्यापेक्षा कमी येते. डोळा खाली असेल तर जास्त. मोजनळ्याचे, म्हणजे मेजरिंग सिलिंडरचे, आकडे वर वाढत जातात. त्यामुळे तिथे नेमके उलटे होते. नियम पाठ करणारे विद्यार्थी इथेच फसतात. आकडे कोणत्या दिशेने वाढतात ते पाहिले तर पाठ करण्याची गरज उरत नाही.

ही चूक किती मोठी असते? ५० मिलि.च्या ब्युरेटवर शून्यापासून पन्नासपर्यंतचे अंतर सुमारे अर्धा मीटर धरले तर एक मिलिलिटर म्हणजे एक सेंटिमीटर, आणि ०.१ मिलि. म्हणजे फक्त एक मिलिमीटर. नळीच्या मध्यापासून पुढची काच साधारण ६ मिलिमीटरवर. समजा विद्यार्थी २५ सेंटिमीटर अंतरावर उभा आहे आणि त्याचा डोळा ५ मिलि.च्या रेघेसमोर स्थिर आहे. शून्याची खूण त्याच्या डोळ्यापेक्षा ५ सेंटिमीटर वर, १० मिलि.ची तेवढीच खाली. काचेतून प्रकाश वाकतो तो भाग सोडून दिला, तर प्रत्येक वाचन सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ०.१२ मिलि.ने सरकते. वर पाहून शून्य लावताना द्रावण खरे तर शून्याच्या थोडे वर राहते. खाली पाहून १० वाचताना द्रावण खरे तर दहाच्या थोडे खाली असते. दोन्ही चुका एकाच बाजूला पडतात आणि वापरलेले द्रावण सुमारे पाव मिलिलिटरने कमी मोजले जाते. दोन्ही वेळा डोळा पातळीच्या सारखाच वर असता तर चूक वजाबाकीत गेली असती. पण एका जागी उभे राहून तसे होत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाला डोळा पातळीसमोर आणावा लागतो, शून्यासाठी वर आणि अंतिम वाचनासाठी खाली.

डोळा बरोबर समोर आहे की नाही हे तपासण्याची सोय काही ब्युरेटवरच असते. मिलिलिटरच्या रेघा नळीभोवती पूर्ण गोल फिरवलेल्या असतील, तर जवळच्या रेघेचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर पडून एकच सरळ रेघ दिसायला हवी. कडे अंडाकृती दिसले तर डोळा वर किंवा खाली आहे. काही ब्युरेटमध्ये मागे पांढऱ्या पट्टीवर निळी रेघ असते. ही शेलबाख पद्धतीची ब्युरेट. द्रावणाच्या पृष्ठभागापाशी ती निळी रेघ दोन टोके भिडल्यासारखी बारीक होते आणि त्या टोकाशी वाचन घेता येते. वाचनाआधी थोडे थांबणेही हिताचे, कारण तोटी बंद केल्यावर काचेवरचे द्रावण काही क्षण खाली ओघळत राहते. साधारण अर्धा मिनिट पुरते.

एवढी काळजी घेतल्यावरही एका वाचनावर कुणी हिशेब करत नाही. आधी एक चाचणी अनुमापन करतात. महाराष्ट्रातल्या प्रयोगवहीत त्याला ‘पायलट रीडिंग’ म्हणतात. त्यात एकेक मिलिलिटर सोडत जाऊन रंग दहा आणि अकराच्या दरम्यान कुठेतरी बदलतो एवढेच पाहायचे. मग खऱ्या अनुमापनांत नऊ मिलिलिटरपर्यंत सरळ सोडून पुढे थेंबाथेंबाने जाता येते. ब्युरेट दर वेळी पुन्हा शून्याजवळ भरली तर नळीचा तोच भाग वापरला जातो, हे बरे. सुरुवात अचूक शून्यावर करण्याचा हट्ट मात्र निरर्थक आहे. ०.३५ वर सुरू करून १०.५५ वर थांबले तरी फरक १०.२० च येतो, आणि शून्य लावण्यात जाणारा वेळ वाचतो.

समजा चाचणीनंतरची चार अनुमापने १०.४५, १०.२०, १०.१५ आणि १०.२५ मिलि. आली. एकमेकांपासून ०.१ मिलि.च्या आत असणारी वाचने सुसंगत समजण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. प्रयोगवहीत ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’ किंवा सी.बी.आर. या नावाखाली जो आकडा लिहितात, तो अशाच वाचनांवरून ठरतो. इथे शेवटची तीन जुळतात. त्यांची सरासरी १०.२०. पहिले बाजूला पडते. सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मलता ०.१ गुणिले १० भागिले १०.२०, म्हणजे ०.०९८०, लिटरमध्ये ३.९२ ग्रॅम. चारही वाचने घेतली असती तर सरासरी १०.२६ आणि उत्तर लिटरला ३.९० ग्रॅम आले असते.

०.१ मिलि.ची मर्यादा मनाने ठरवलेली नाही. एका वाचनात ०.०५ मिलि.ची अनिश्चितता धरली तर दोन वाचनांच्या फरकात ती ०.१ पर्यंत जाऊ शकते. त्याच्या आतल्या फरकाबद्दल काही म्हणता येत नाही. त्याच्या बाहेरच्या फरकाला कारण असले पाहिजे. तीन वाचने जुळतात आणि पहिलेच पाव मिलिलिटरने जास्त आहे, तेव्हा टोकातला बुडबुडा किंवा तिथे अडकलेले पाणी यांचा संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही चुका पहिल्याच अनुमापनात संपून जातात. उलट वाचने १०.४५, १०.३०, १०.२० अशी उतरत चालली असतील, तर ब्युरेट नीट धुतलेली नसावी आणि प्रत्येक भरण्याने आतले पाणी कमी होत असावे. एखादे वाचन मध्येच दूर गेले तर बहुधा अंतिम बिंदू ओलांडलेला असतो. पात्रातला रंग गडद गुलाबी असेल तर ते त्याच वेळी लिहून ठेवावे. वाचन वगळताना ते अपेक्षित उत्तरापासून दूर आहे हे कारण चालत नाही. जुळवून घेतलेली वाचने परीक्षकाला वहीत खोडाखोड न दिसताही ओळखू येतात, कारण तीनदा लागोपाठ तंतोतंत १०.२० नवशिक्याच्या हातून क्वचितच येते.

सुसंगत वाचने म्हणजे बरोबर वाचने नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. बुडबुडा, लटकलेला थेंब, ओलांडलेला अंतिम बिंदू या चुका दर वेळी वेगळ्या होतात, म्हणून वाचने जुळत नाहीत आणि त्या उघड्या पडतात. पण डोळा दर वेळी त्याच चुकीच्या उंचीवर असेल, शंकूपात्र दर वेळी आम्लाने धुतले जात असेल, किंवा ऑक्झॅलिक आम्लच वजन करताना चुकले असेल, तर चारही वाचने छान जुळतील आणि चारही सारखीच चुकीची असतील. ब्युरेटची स्वतःचीही मर्यादा आहे: ५० मिलि.च्या ‘अ’ वर्गाच्या ब्युरेटला ०.०५ मिलि. आणि ‘ब’ वर्गाच्या ब्युरेटला ०.१ मिलि.पर्यंतच्या चुकीची मुभा असते, आणि ती चूक कितीही वेळा अनुमापन केले तरी दिसत नाही. १० मिलि.च्या अनुमापनात ०.१ मिलि. म्हणजे एक टक्का; २५ मिलि. घेतले तर तीच चूक ०.४ टक्क्यावर येते. म्हणून जिथे रसायनाची काटकसर करायची नसते तिथे २५ मिलि.चे पिपेट वापरतात.

अशी कायमची चूक पकडायची तर काहीतरी बदलावे लागते: दुसरी ब्युरेट, दुसऱ्याने घेतलेली वाचने, आम्लाचे नव्याने तयार केलेले द्रावण. ब्युरेट स्वतः तपासायची असेल तर तिच्यातून १० मिलि. ऊर्ध्वपातित पाणी झाकण असलेल्या बाटलीत सोडून तिचे वजन करतात. २५ अंश सेल्सिअसला एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान ०.९९७ ग्रॅम असते, त्यावरून खरे आकारमान काढता येते. काम संपल्यावर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये ठेवत नाहीत. पाण्याने दोन-तीनदा धुऊन, काचेची तोटी असेल तर ती सैल करून, ब्युरेट उलटी टांगून ठेवतात.